झाकण नेमकं कुठे अडतं

संगणकाच्या पडद्यावर डबी आणि तिचं फिरकीचं झाकण एकमेकांत तंतोतंत बसलेलं दिसतं. थ्रीडी प्रिंटरमधून दोन्ही भाग छापून निघाले, की मात्र झाकण डबीच्या तोंडावर टेकतं, पाव फेरा फिरतं आणि तिथेच जाम होतं. जोर लावला तर कर्रकन आवाज येतो, आणखी जोर लावला तर आटे तरी सोलले जातात किंवा डबीची मान तरी मोडते. दोष सहसा प्रिंटरला दिला जातो. पण प्रिंटरने बहुतेक वेळा सांगितलं तेवढंच केलेलं असतं. पडद्यावर तंतोतंत बसणारे भाग म्हणजे मधे शून्य फट असलेले भाग, आणि शून्य फटीचे आटे कुठेच फिरत नाहीत. बाजारातला साधा नट-बोल्टसुद्धा बोल्ट नावाच्या मापापेक्षा किंचित बारीक ठेवला जातो, म्हणूनच फिरतो.

फट ठेवायला हवी हे प्लास्टिकचे भाग छापणाऱ्या प्रत्येकाला दोन-चार झाकणं वाया गेल्यावर कळतंच. ती किती ठेवायची, याचे आकडेही कोणीही सांगतो. पण ती नेमकी कुठे ठेवायची याचा विचार कमी होतो, आणि झाकण अडतं ते बहुधा तिथेच.

आधी आट्यांच्या आकाराकडे पाहू, कारण फटीचा हिशेब त्यावरच उभा आहे. घरगुती प्रिंटर वितळलेल्या प्लास्टिकची साधारण ०.४ मिलिमीटर रुंदीची रेघ ओढतो आणि एकावर एक ०.२ मिलिमीटरचे थर रचत जातो. नेहमीच्या मेट्रिक बोल्टचे आटे इंग्रजी व्ही अक्षरासारखे, ६० अंशांच्या कोनाचे असतात. आठ मिलिमीटरच्या साध्या बोल्टचं पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर, १.२५ मिलिमीटर असतं. त्याच्या आट्याचा माथा जेमतेम ०.१६ मिलिमीटर रुंद. ०.४ मिलिमीटरची रेघ ओढणाऱ्या नोझलकडून तो माथा नीट उमटण्याची अपेक्षाच चुकीची आहे. लोखंडाच्या लेथसाठी बेतलेला आकार प्लास्टिकच्या थरांवर लादला, की सुरुवातीलाच बिनसतं.

दुसरी अडचण आट्याच्या खालच्या उताराची. डबी उभी छापली तर आट्याची खालची बाजू हवेत पुढे येत जाते. प्रत्येक नवा थर खालच्या थरापेक्षा किती बाहेर सरकतो ते मोजून पाहावं. ६० अंशांच्या आट्यात तो दर थराला सुमारे ०.३५ मिलिमीटर बाहेर येतो. रेघच ०.४ ची, म्हणजे ती जवळजवळ पूर्ण लोंबकळतेय. यंत्रांच्या लीडस्क्रूवर असतात तसे ३० अंशांचे चपटे आटे घेतले, तर एक थर ०.७५ मिलिमीटर बाहेर पडतो. तो चक्क हवेत छापला जातो, ओघळतो, आणि आट्याखाली प्लास्टिकची दाढी उगवते. दोन्ही उतार ४५ अंशांचे ठेवले, म्हणजे मधला कोन ९० अंशांचा झाला, तर थर फक्त ०.२ मिलिमीटर पुढे येतो आणि रेघेचा निम्मा भाग खालच्या थरावर टेकलेला राहतो. छापील झाकणासाठी मला हाच आकार योग्य वाटतो. ४५ अंशांचे उतार, माथा सपाट आणि पिच ऐसपैस.

आता एक डबी घेऊ. टाचण्या, बटणं, बियाणं असलं काही ठेवायची. मानेचा आट्यांसकट व्यास ५० मिलिमीटर, पिच ४, आट्याची खोली १.२ आणि मानेची उंची १०, म्हणजे अडीच फेरे. चार मिलिमीटरच्या पिचमधले दोन उतार १.२-१.२ मिलिमीटर जागा घेतात. उरतात १.६. त्यातले ०.८ माथ्याला आणि ०.८ तळाला. माथा दोन रेघांइतका रुंद झाला, म्हणजे प्रिंटरला तो सहज जमतो. पिच चार का, याचं उत्तर एवढंच. पिच दीडचं ठेवलं असतं तर याच उतारांनी खोली अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास अडकली असती.

आता फट. झाकणाच्या आतले आटे मानेच्या आट्यांपेक्षा त्रिज्येत ०.३ मिलिमीटरने मोठे करायचे, म्हणजे व्यास ५०.६. उतार ४५ अंशांचा असल्यामुळे त्रिज्येत ०.३ वाढवलं की आट्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूलाही, उभ्या दिशेने, प्रत्येकी ०.३ मिलिमीटरची मोकळीक आपोआप मिळते. ६० अंशांच्या आट्याला हेच ०.३ दिलं तर उभ्या दिशेने ०.१७ मिळतं. ३० अंशांच्या चपट्या आट्याला तर जेमतेम ०.०८. म्हणजे व्यासात चांगली फट दिली म्हणून आपण निश्चिंत असतो, आणि आटे मात्र वरून-खालून एकमेकांना घासत बसतात. माथ्याला जागा आहे, कुशीला नाही. छापलेल्या आट्यांचा खडबडीतपणा मुख्यतः खालच्या उतारावर असतो, त्यामुळे फट हवी ती तिथेच. चपटे आटे वापरायचेच असतील तर नुसता व्यास न वाढवता आट्याची जाडीच दोन्ही बाजूंनी कमी करावी लागते.

फटीची किंमतही असते. १.२ मिलिमीटर खोल आट्यातून ०.३ गेले, तर दोन भाग एकमेकांना ०.९ मिलिमीटर धरून राहतात. छान पकड आहे. आठ मिलिमीटरच्या बोल्टच्या आट्यांची पकड मुळात ०.६८ मिलिमीटरची, त्यातून ०.३ वजा केले की निम्म्याच्या जरा वर काहीतरी उरतं. तो नट हाताने फिरेल, पण ताणला की उडी मारेल. खोल आटे घ्यायचे ते एवढ्यासाठी, की मग सैल फट परवडते.

ओपनस्कॅडमध्ये, बीओएसएल२ या मोफत संचाच्या मदतीने, या डबीचे आटे असे लिहिता येतात:

```
include <BOSL2/std.scad>
include <BOSL2/threading.scad>
$fn = 120;
gap = 0.3;

// डबीची मान
trapezoidal_threaded_rod(d=50, l=10, pitch=4,
  thread_angle=90, thread_depth=1.2, bevel2=true);

// झाकणातून वजा करायचा भाग
right(80)
trapezoidal_threaded_rod(d=50+2*gap, l=10, pitch=4,
  thread_angle=90, thread_depth=1.2,
  internal=true, bevel2=true);
```

पहिला भाग मानेचा. त्यात ४३.६ मिलिमीटरचं आरपार भोक पाडलं, की मानेची भिंत आट्यांच्या तळाशी दोन मिलिमीटर राहते. दुसरा भाग ५५.४ मिलिमीटर व्यासाच्या भरीव झाकणातून कोरून काढायचा. दोन्हीकडचं पिच तेच आहे, फक्त व्यासात फरक आहे. `bevel2` मुळे वरच्या तोंडाला आट्यांची धार उतरती होते आणि झाकण वाकडं चढायची शक्यता कमी होते.

`$fn = 120` ही ओळ फालतू दिसते, पण तिच्याशिवाय वरचा हिशेब फसू शकतो. संगणकातलं वर्तुळ खरं वर्तुळ नसतं, तो अनेक बाजूंचा बहुभुज असतो. ओपनस्कॅडमध्ये काहीच सांगितलं नाही तर या मापाचं वर्तुळ ३० बाजूंचं होतं. २५ मिलिमीटर त्रिज्येच्या अशा वर्तुळात बाजूचा मधला भाग केंद्राच्या दिशेने ०.१४ मिलिमीटर आत येतो. हा फरक भरून काढलेला नसेल, तर झाकण फिरवताना मानेचे कोपरे झाकणाच्या या सपाट बाजूंना भिडतात, आणि ०.३ ची फट निम्म्यावर येते. हाताला ते कळतंही, कारण झाकण एकसारखं घट्ट न लागता टप्प्याटप्प्याने अडत, टकटक करत फिरतं. १२० बाजू केल्या की हा आत येणारा भाग ०.०१ पेक्षाही कमी होतो आणि विषय संपतो.

छापताना डबी तळावर आणि झाकण उलटं, म्हणजे वरची सपाट बाजू खाली ठेवून छापावं. पहिला थर प्रिंटरच्या तक्त्यावर दाबला गेल्यामुळे बाहेर पसरतो. झाकण तोंड खाली करून छापलं, तर तो पसरलेला थर नेमका आट्यांच्या प्रवेशाशी येतो आणि झाकण पहिल्याच पावलावर ठेचकाळतं. प्रत्येक थर जिथे सुरू होऊन संपतो तिथे प्लास्टिकची बारीक गाठ राहते. स्लाइसरमध्ये या गाठी एका उभ्या रेषेत ठेवल्या, तर नखाने किंवा कटरने एकदाच खरवडता येतात. त्या विखुरल्या तर प्रत्येक आट्यावर खडे पेरल्यासारखं होतं.

पूर्ण डबी छापण्याआधी मानेची फक्त वरची कडी, दीड फेऱ्याची, आणि तिच्यासाठी ०.२, ०.३, ०.४ फटीच्या तीन कड्या छापाव्यात. आपला प्रिंटर आणि आपलं फिलामेंट यांचा आकडा एकदा असा सापडला, की पुढच्या प्रत्येक झाकणाला तो चालतो. पीएलएला ०.३ पुरत असेल, तर त्याच प्रिंटरवर तार सोडणाऱ्या पीईटीजीला जरा जास्त लागू शकतं.

झाकण अडलंच, तर ते कसं अडतंय त्यावरून कारण ओळखता येतं. पहिल्या पाव फेऱ्यापासून सारखंच जड लागत असेल, तर फट कमी आहे किंवा प्लास्टिक जास्त सुटतंय. सुरुवातीला सुरळीत जाऊन फेऱ्यागणिक जड होत जात असेल, तर पिच जुळत नाहीये. दर फेऱ्याला थोडी थोडी चूक साठत जाते आणि शेवटी सगळी फट खाऊन टाकते. शंका असेल तर मानेवर स्केचपेनने शाई लावून झाकण फिरवावं. झाकणाच्या आट्याच्या कुठल्या उतारावर डाग उमटतो ते पाहिलं, की घर्षण कुठे आहे हे समोर दिसतं.

पिचची ही चूक बऱ्याचदा एका लाडक्या उपायातून येते. झाकण बसत नाही ना, मग स्लाइसरमध्ये ते १०२ टक्के करा! हा उपाय कधी चालतो, कधी चालत नाही, आणि म्हणूनच त्यावर भांडणं होतात. मोठं केल्याने व्यास वाढतो, पण पिचही वाढतं. व्यास वाढल्याने उतारावर मोकळीक मिळते आणि पिच वाढल्याने ती हळूहळू खर्च होते. हिशेब मांडला तर गंमत अशी निघते, की जिंकणार कोण हे टक्केवारीवर ठरतच नाही. आट्यांच्या एका उताराचा आडव्याशी जो कोन, त्याच्या टॅन्जंटला व्यासाने गुणायचं. जुळणाऱ्या आट्यांची लांबी त्या आकड्यापेक्षा जास्त असेल तर मोठं करून उलट जास्त अडतं. आपल्या डबीत तो आकडा ५० आहे आणि आट्यांची लांबी १०, त्यामुळे झाकण फिरेल. आठ मिलिमीटरच्या बोल्टसाठी तो आकडा ४.६ येतो, आणि नटाची जाडी असते साडेसहाच्या आसपास. तिथे कितीही टक्के वाढवा, तो अडणारच.

चालत असलं तरी टक्केवारी हे फटीचं माप नव्हे. दोन टक्क्यांनी ५० मिलिमीटरच्या झाकणाला त्रिज्येत अर्धा मिलिमीटर मिळतो, म्हणजे ते डगडगणार. १० मिलिमीटरच्या बुचाला त्याच दोन टक्क्यांत ०.१ मिळतो, म्हणजे ते बसणारच नाही. प्रिंटरची चूक मात्र दोन्हीकडे साधारण तेवढीच असते. म्हणून फट मिलिमीटरमध्येच मोजावी. तयार फाईल असेल आणि तिच्यात बदल करणं शक्यच नसेल, तर निदान फक्त आडव्या दोन दिशांना मोठं करावं आणि उंचीला हात लावू नये. तेवढ्याने पिच तरी शाबूत राहतं.

स्वतःची डबी आणि स्वतःचं झाकण असलं की दोन्ही बाजू आपल्या हातात असतात. बाजारातल्या बाटलीला बूच करायचं म्हटलं, की अर्धा करार आधीच दुसऱ्याने लिहून ठेवलेला असतो. सोड्याच्या आणि शीतपेयांच्या प्लास्टिक बाटल्यांच्या मानेची मापं ठरलेली आहेत. जुनी पद्धत पीसीओ १८१०, नवी पीसीओ १८८१. दोन्हींचा आट्यांवरचा व्यास सुमारे २७.४ मिलिमीटर, त्यामुळे दिसायला बुचं सारखीच. पण १८१० चं पिच ३.१८ मिलिमीटर आणि १८८१ चं २.७. मान २१ मिलिमीटरवरून १७ वर आणली ती प्लास्टिक वाचवण्यासाठी, आणि कमी उंचीत आटे बसवायचे तर पिच बारीक करणं आलंच. एकाचं बूच दुसऱ्याच्या मापाने छापलं, तर ते छान सुरू होतं आणि पहिला फेरा पुरा होता होता अडतं. वर सांगितलेली पिचची खूण ती हीच. बीओएसएल२ मध्ये दोन्ही मापं `pco1810_cap()` आणि `pco1881_cap()` या नावांनी तयार आहेत, त्यामुळे आटे नव्याने काढायची गरज नाही. बाटलीच्या मानेवर आट्यांना उभ्या खाचा दिसतात. बूच सुटताना आतला वायू त्यांतून हळूहळू बाहेर पडतो, आणि बूच उडत नाही. छापलेलं बूच मात्र वायूच्या दाबाखालच्या पेयाला लावूच नये. थरांची जोडणी दाबाने उकलू शकते.

घरातल्या मसाल्याच्या किंवा डाळीच्या प्लास्टिक बरणीचं झाकण फुटलं असेल, तर मापं स्वतः घ्यावी लागतात. व्हर्नियर कॅलिपरने आट्यांच्या माथ्यावरचा व्यास दोन-तीन दिशांना मोजावा, कारण या माना क्वचितच पूर्ण गोल असतात. जो मोठा भरेल तो धरावा. पिचसाठी मानेवर पातळ कागद घट्ट गुंडाळून पेन्सिलीची शिस आडवी घासली, की आट्यांच्या रेघा उमटतात. एका आट्यापासून शक्य तितक्या दूरच्या आट्यापर्यंत मोजून मधल्या अंतरांच्या संख्येने भागावं, म्हणजे मोजण्यातली चूकही भागली जाते. मग मानेच्या काठावर आटे किती ठिकाणी सुरू होतात ते मोजावं. एका जागी सुरू होत असेल तर सरळ काम. दोन किंवा तीन जागी असेल, तर झाकण एका फेऱ्यात तितक्या पट खाली जातं, आणि चित्र काढताना आट्यांची संख्या तशी सांगावी लागते. ही गोष्ट चुकली तर पिच बरोबर असूनही झाकण एक पाऊल पुढे जात नाही. जॅमच्या काचेच्या बाटलीला बहुधा सलग आटे नसतातच. तिथे काही तिरके तुकडे असतात आणि पत्र्याच्या झाकणाची दुमडलेली टोकं त्यांच्याखाली सरकतात. त्यासाठी आट्यांचा वरचा हिशेब उपयोगाचा नाही.

एकापेक्षा जास्त आटे घेण्याचा मोह आपल्या डबीतही होतो, कारण अर्ध्या फेऱ्यात उघडणारं झाकण कोणाला नको? आपल्या ५० मिलिमीटरच्या डबीला दोन आटे घेतले, तर झाकण एका फेऱ्यात आठ मिलिमीटर उतरतं आणि आट्याचा चढ तीन अंशांच्या आत राहतो. प्लास्टिकवर प्लास्टिकच्या घर्षणाने ते जागेवर राहतं. तेच दोन आटे १० मिलिमीटरच्या बुचाला दिले, तर चढ १४ अंशांच्या वर जातो, आणि खिशात, पिशवीत हलल्यावर बूच आपणच उलगडत जातं.

झाकण शेवटी कशावर थांबणार हे चित्र काढतानाच ठरवावं. झाकणाचा काठ डबीच्या खांद्यावर टेकणार असेल तर झाकण आतून मानेपेक्षा अर्धा मिलिमीटर खोल ठेवावं. मग बाहेरून सांधा स्वच्छ दिसतो, पण हवा आत-बाहेर जात राहते. हवाबंद हवं असेल तर उलट करायचं. मानेचा काठ झाकणाच्या छताला आधी भिडला पाहिजे, आणि मधे सिलिकॉनची किंवा फोमची चकती हवी. नुसतं छापलेलं प्लास्टिक छापलेल्या प्लास्टिकवर हवाबंद बसत नाही, कारण थरांच्या रेघा म्हणजे बारीक पन्हाळीच असतात. याच पन्हाळींत अन्नाचे कण अडकतात आणि घासूनही निघत नाहीत, म्हणून लोणच्याच्या बरणीला असलं झाकण लावणं मला पटत नाही. कोरड्या, वेष्टनात असलेल्या वस्तूंना चालेल.

चकती बसवली की झाकण जास्त आवळलं जातं, आणि मग मोडतं ते आट्यांपाशी नाही. आवळताना आटे झाकणाच्या घेराला छतापासून खाली ओढतात. हा ओढा थरांच्या जोडणीवर थेट येतो, आणि छत व घेर जिथे मिळतात तिथे झाकण गोलाकार टरकतं. त्या आतल्या कोपऱ्याला दोन मिलिमीटरची गोलाई द्यावी आणि स्लाइसरमध्ये भराव वाढवण्याऐवजी भिंतींच्या रेघा चार कराव्यात. पीएलए ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत आवळून ठेवलेली डबी त्यामुळे ढिली होते, आणि नंतर कितीही फिरवली तरी आधीसारखी आवळली जात नाही. तिथे पीईटीजी घ्यावं, आणि त्याच्या फटीची कडी नव्याने छापून पाहावी.